पहिली नऊवारी घेताना: लांबी कुठे जाते, शिवलेली कधी घ्यावी आणि नेसायची कशी

माझ्या भावाची मुलगी पुण्यात नोकरी करते. गेल्या वर्षी संक्रांतीला ती गड्ड्याच्या यात्रेसाठी सोलापूरला येणार होती. डिसेंबरातच तिचा फोन आला, "आत्या, मला काळी इरकल नऊवारी पाहिजे. ऑनलाइन दोन बघून ठेवल्यात. दोन्ही आठ मीटर वीस सेंटीमीटर आहेत, पण एक पाचशे रुपयांनी स्वस्त आहे. तीच घेते ना?"

मी मंगळवार पेठेतल्या आमच्या दुकानात साड्या विकते, आणि ऑनलाइन विक्रीसाठी त्यांचं वर्णनही मीच लिहिते. म्हणून तिला म्हटलं, दोन्हीचं वर्णन मला शब्द न शब्द वाचून दाखव. पहिलीत लिहिलं होतं, "लांबी ८.२० मीटर, ब्लाउजपीस नाही." दुसरीत, "लांबी ८.२० मीटर, ब्लाउजपीससह." आकडा तोच होता, पण दुसरी साडी नऊवारी नव्हतीच.

पायरी पहिली: लांबीची ओळ नीट वाचा

एक वार म्हणजे ३६ इंच. नऊ वारांचे ३२४ इंच होतात, म्हणजे जवळजवळ ८.२३ मीटर. म्हणून वर्णनात ८.२० किंवा ८.२५ मीटर लिहिलेलं असेल तर ते बरोबर आहे. टेप नसायचा तेव्हा बायका कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या हाताने लुगडं मोजायच्या. असा हात साधारण अर्ध्या वाराचा, त्यामुळे अठरा हात भरले की लुगडं पुरं.

आता मात्र "नऊवारी" हा शब्द बरेच विक्रेते मापासाठी वापरत नाहीत, पद्धतीसाठी वापरतात. कासोटा घालून नेसता येईल किंवा तशी शिवलेली आहे, एवढंच त्यांना सांगायचं असतं. म्हणून नावावर जाऊ नका, मीटरचा आकडा शोधा. आकडा दिलेला नसेल तर विचारा, "ब्लाउजपीस सोडून साडी किती मीटर भरते?" प्रश्न अगदी याच शब्दांत विचारायचा. ब्लाउजपीस साधारण ८० सेंटीमीटरचा असतो. ८.२० मधून तो गेला की हातात ७.४० मीटर उरतात, म्हणजे आठ वारांच्या थोडं वर. जुन्या पद्धतीच्या नऊवारीला ब्लाउजपीस नसतोच, चोळीसाठी खण वेगळा घेतात. तेव्हा "ब्लाउजपीस नाही" असं वाचून काही कमी मिळतंय असं समजू नका.

हे ऐकल्यावर भाची म्हणाली, "पण आत्या, ऐंशी सेंटीमीटरनं असा काय फरक पडतो?" मग मी तिला कागद घ्यायला लावला आणि फोनवरच हिशेब मांडला. तुम्हीही स्वतःच्या मापाने मांडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

नितंबांच्या सर्वांत रुंद जागी तिचा घेर ४२ इंच आहे. नेसताना सुरुवातीचं, म्हणजे पदर नसलेलं टोक डाव्या हाताला ठेवतात. तेच पुढे कासोट्यात जातं आणि त्याला दोन वार, म्हणजे ७२ इंच लागतात. कमरेभोवतीच्या पहिल्या वेढ्याला ४२ आणि गाठीला ६. त्यानंतर पदराची बाजू परत एकदा अंगाभोवती फिरते, तिला आणखी ४२. शेवटी छातीवरून डाव्या खांद्यावर जाऊन मागे गुडघ्यापर्यंत सुटणाऱ्या पदराला ६५. बेरीज २२७ इंच. जे उरेल ते निऱ्यांचं.

८.२० मीटर म्हणजे ३२३ इंच. त्यातून २२७ गेले की ९६ उरतात. एका निरीला दोन्ही बाजू धरून १० इंच लागतात, म्हणजे नऊ निऱ्या होतात. भरघोस, पाय झाकणाऱ्या. ७.४० मीटर म्हणजे २९१ इंच, तिथे ६४ उरतात आणि सहाच निऱ्या बसतात. शिवाय साडी कॉटन असेल तर पहिल्या धुण्यात आटते. शंभर इंचाला चार इंच धरले तर नऊ निऱ्यांच्या आठ होतील, पण सहाच्या पाच. पाच निऱ्यांत चालताना उजवी पोटरी उघडी पडते, मग बाई दिवसभर एका हाताने साडी सावरत राहते. घेर ४८ असेल तर दोन वेढ्यांत मिळून आणखी १२ इंच जातात. अशांनी ७.४० ची साडी बघूच नये. मिळाली तर ९ मीटरची घ्यावी, ती मुद्दाम काढलेली असते.

पायरी दुसरी: पन्हा विचारा

पन्हा म्हणजे साडीची रुंदी, आणि नेसल्यावर तीच उंची होते. नव्या ग्राहक हे हमखास विसरतात. गोल साडीत पन्हा थोडा कमी असला तर साडी खाली बांधून भागतं. नऊवारीत कासोटा मागे ओढला की खालचा काठ वर चढतो, त्यामुळे कमी पन्हा लगेच दिसून येतो. अनवाणी उभ्या राहून, जिथे गाठ मारणार तिथपासून जमिनीपर्यंत माप घ्या आणि त्यात सहा इंच मिळवा. भाचीचं माप ४० आलं, म्हणून तिला ४६ च्या पुढचा पन्हा हवा होता. पहिल्या साडीचा पन्हा ४७ होता, दुसरीच्या वर्णनात तो दिलाच नव्हता. पाच फुटांच्या आतल्या बाईला ४४ चा पन्हाही चालतो.

पायरी तिसरी: कापड

पहिल्यांदा नेसणाऱ्यांना मी एकच सांगते, धरून राहणारं कापड घ्या. नऊवारीला आत परकर नसतो. सगळा भार एका गाठीवर आणि दोन-तीन खोचण्यांवर असतो. कॉटन किंवा कॉटन-सिल्कची गाठ एकदा बसली की बसते. जॉर्जेट आणि गुळगुळीत पॉलिस्टर तासाभरात सुटायला लागतं. जाड ब्रोकेड सुटत नाही, पण त्याची गाठ लिंबाएवढी होते आणि बेंबीपाशी टोचत राहते. पैठणी सुंदरच असते, तरी पहिला प्रयोग तिच्यावर करू नये. चुकीच्या जागी पिन ओढली गेली तर जरीचा धागा निघतो आणि तो परत बसत नाही.

सोलापुरात पहिली नऊवारी म्हणून आम्ही इरकलच काढून दाखवतो. मूळ गाव इळकल, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं, पण आमच्या भागात ही साडी पिढ्यान्‌पिढ्या घरात वापरलेली आहे. वर्णनात अंग, काठ आणि पदर यांचं सूत वेगवेगळं सांगितलेलं असावं. नुसतं "सिल्क इरकल" लिहिलं असेल तर अंग रेशमी की फक्त काठ, आणि रेशीम खरं की आर्ट सिल्क, हे विचारून घ्या. आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम रेशीम. ते वाईट नसतं, चमकही छान देतं, पण खऱ्या रेशमाची किंमत त्याला द्यायची नाही.

हातमागाच्या पारंपरिक इरकलीत अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा. दोन्ही ताण्यांचे फास एकमेकांत अडकवून जोड देतात, त्याला टोपे-तेनी म्हणतात. अंग संपून पदर सुरू होतो तिथे उलट बाजूने बोट फिरवलं की या जोडाची बारीक रेघ हाताला लागते. जिच्या पदराची नक्षी छापलेली आहे तिला असा जोड नसतो. यंत्रमागाची साडी घेण्यात काही गैर नाही. रोज नेसायला ती स्वस्त आणि टिकाऊ पडते. फक्त वर्णनात "हातमाग" लिहिलेलं असेल तर या जोडाचा, उलट बाजूने काढलेला फोटो मागा. ज्याच्याकडे हातमागाची साडी आहे तो विक्रेता फोटो आनंदाने पाठवतो.

साडी घरी आली की पदराच्या दशांमधला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून बघा. कॉटन कागदासारखं जळतं आणि मऊ राख पडते. खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. आर्ट सिल्क बहुतेक व्हिस्कोजचं असतं आणि तेही कागदासारखंच जळतं, म्हणून कॉटन आणि आर्ट सिल्कमधला फरक या परीक्षेत कळत नाही.

काळ्या, लाल आणि गडद हिरव्या रंगांसाठी आणखी एक करा. पांढरा रुमाल ओला करून पिळा आणि काठाजवळ आतल्या बाजूने दहा-बारा वेळा घासा. रुमालावर रंग उतरला तर पहिली दोन-तीन धुणी गार पाण्यात, एकटी. हलक्या रंगाच्या चोळीबरोबर ती साडी घामाच्या दिवसांत नेसायची नाही.

पायरी चौथी: शिवलेली की न शिवलेली

शिवलेल्या नऊवारीला माझा विरोध नाही. लहान मुलींना, नाचात लवकर कपडे बदलायचे असतील तेव्हा, मंगळागौरीला रात्रभर झिम्मा-फुगड्या खेळायच्या असतील तेव्हा ती सोयीची पडते. पायजम्यासारखी चढवायची, नाडी बांधायची, पदर खांद्यावर टाकायचा, पाच मिनिटांत तयार. पण घेताना तीन गोष्टी विचारून घ्या.

पहिली गोष्ट, ती किती कापडातून शिवली आहे. तयार मिळणाऱ्या बऱ्याच "नऊवारी" सहावारी साडी कापून शिवलेल्या असतात. साडेपाच मीटर म्हणजे २१६ इंच. वरच्या हिशेबात निऱ्यांच्या आधीच २२७ लागले होते. म्हणजे शिंप्याने दुसरा वेढा काढून टाकलेला असतो, निऱ्या वेगळा तुकडा जोडून दिलेल्या असतात. समोरून ते लक्षात येत नाही. मागून बसकट सपाट दिसते आणि पदर आखूड होतो.

दुसरी, माप कसलं दिलं आहे. "फ्री साइज" यावर थांबू नका. कमरेचा घेर, नितंबांचा घेर, कंबर ते घोटा उंची आणि मांडीचा घेर, ही चार मापं कळवा, आणि शिवणीत माया किती ठेवली आहे ते विचारा. दोन्ही बाजूंना दीड-दोन इंच माया असेल तर पुढे उसवून सैल करता येते. बांधायला नाडी असलेली घ्या. चेन आणि हूक दिसायला नीटनेटके असतात, पण जेवण झाल्यावर दोन इंच सैल करायची सोय त्यात नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे बैठकीची शिवण. शिवलेली नऊवारी फाटते ती तिथेच, मांडी घालून पूजेला बसताना. जांघेत चौकोनी तुकडा जोडलेला असावा आणि शिवण दुहेरी असावी. साडी आली की घरात घालून उकिडव्या बसा, मग मांडी घाला. टाके ताणून त्यांच्यामधून उजेड दिसला तर त्याच दिवशी बदलून मागा. मापाने शिवलेली साडी पुष्कळ ठिकाणी परत घेत नाहीत, तेव्हा तो नियम पैसे भरण्याआधी वाचून घ्या.

हातमागाची इरकल किंवा पैठणी मात्र कापून शिवू नका. एकदा कात्री लागली की ती दुसऱ्या मापाच्या बाईला, पुढे सुनेला किंवा मुलीला नेसता येत नाही. शिवायचीच असेल तर कात्री न लावता नुसते टाके घालून देणारा शिंपी शोधा. टाके उसवले की साडी परत सलग होते. भाचीने शिवलेलीचा विचार केला होता, पण साडीचं सूत कळल्यावर तिने न शिवलेलीच घेतली.

पायरी पाचवी: पार्सल आलं की

पार्सल फोडताना व्हिडिओ चालू ठेवा आणि टेप जवळ घ्या. साडी जमिनीवर पसरून काठाच्या कडेने मोजा. मध्यभागी कापड ताणलं जातं आणि माप जास्त येतं. दोन्ही काठ पूर्ण उलगडून डाग, तुटलेला धागा, रफू बघून घ्या. नऊवारीत दोन्ही काठ बाहेर दिसतात, गोल साडीसारखा खराब भाग आत दडवता येत नाही. याच कारणाने नऊवारीला फॉल लावत नाहीत. टोकांना पिको करून घ्या, पुरे.

पायरी सहावी: नेसणं

घरोघरी पद्धत थोडी वेगळी असते. ही आमच्याकडची, नवशिक्यांना सोपी जाणारी. नव्या साडीची खळ जास्त कडक वाटली तर आदल्या दिवशी तिच्यावर हलका पाण्याचा हात फिरवून इस्त्री करा, नाहीतर निऱ्या छत्रीसारख्या फुगतात.

आत पोटरीपर्यंतची घट्ट लेगिंग घाला आणि कमरेला एक सुती नाडी बांधा. साडी पाठीमागून घ्या. पदराची बाजू उजव्या हाताला आणि साधं टोक डाव्या हाताला येईल. डावीकडे दोन वार मोजून ठेवा. दोन्हीकडचे वरचे काठ पुढे आणून बेंबीच्या खाली घट्ट दुहेरी गाठ मारा. श्वास आत ओढून मारू नका, नाहीतर बसल्यावर काचेल. अंगठा जेमतेम आत जाईल एवढी असावी.

आता पदराच्या पट्ट्या घालून घ्या. पदर समोरून डावीकडे, पाठीमागून, उजव्या काखेखालून पुढे आणि डाव्या खांद्यावर टाका. मागे गुडघ्यापर्यंत सोडून खांद्यावर पिन लावा, पण तूर्त कच्चीच. गाठ आणि पदराचा वेढा यांच्यामध्ये समोर जे सैल कापड राहिलं त्याच्या निऱ्या घाला. पाच इंचांची निरी, सगळ्यांची खालची कड एका रेषेत. गाठीच्या शेजारी नाडीच्या आत खोचा.

यानंतर कासोटा. डावीकडचं दोन वारांचं टोक पायांमधून मागे घ्या, त्याच्या बारीक चुण्या करा, काठ पाठीच्या मध्यावर उभा येईल असा धरून मागे नाडीत खोचा आणि मोठी पिन नाडीसकट लावा. पाय थोडे फाकवून उभं राहूनच हे करा. पाय जुळवून खोचला की कासोटा आखूड होतो.

पदराची पिन पक्की करण्याआधी एकदा पूर्ण उकिडव्या बसा आणि उठा. गुडघ्यांवर कापड तटतटलं तर कासोटा ताणलेला आहे, दोन-तीन इंच सैल सोडा. उठल्यावर मागे झोळ पडला तर उलट करा, ओढून परत खोचा. जिना चढताना उजवी पोटरी दिसत असेल तर निऱ्या फार डावीकडे गेल्या आहेत. काढून गाठीच्या उजवीकडून सुरुवात करा. शेवटी दोन्ही पोटऱ्यांवर काठ हाताने खाली ओढून सारख्या उंचीवर आणा. ब्राह्मणी पद्धतीचा ओचा हवा असेल तर निऱ्यांचा खालचा भाग उचलून पोटाशी खोचतात. तो पहिल्या दिवशी नको, हात बसला की करा.

भाचीला पहिल्या खेपेला पाऊण तास लागला. कासोटा दोनदा काढावा लागला, दोन्ही वेळा तो आखूडच बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वीस मिनिटांत नेसून झाली आणि संध्याकाळी यात्रेहून परत येईपर्यंत गाठ जागची हलली नव्हती.

पहिलं धुणं

गार पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, सावलीत काठाच्या बाजूने वाळत घालायची. वाळल्यावर साडी परत एकदा काठाच्या कडेने मोजा. भाचीची ३२३ ची ३१२ भरली. तो आकडा आणि पन्हा एका चिठ्ठीवर लिहून साडीच्या घडीत ठेवायला सांगितला. पुढच्या खेपेला नेसताना डाव्या हाताला पूर्ण ७२ इंच न ठेवता ६७ ठेवले की निऱ्यांची संख्या तीच राहते.